अचानक आजारपण आणि त्याच दिवशी सुनावणी: कोर्टाच्या कार्यालयाला मुदतीचे पत्र कसे द्यावे

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी एका पहाटे चार वाजता मुतखड्याच्या कळा सुरू झाल्या. त्याच दिवशी एका दिवाणी दाव्यात वादीच्या साक्षीदाराचा उलटतपास मला घ्यायचा होता. मी प्रतिवादीतर्फे होतो. सात वाजता दवाखान्यातून एका मित्र वकिलाला बोलावले आणि अर्ध्या पानावर लिहून दिले, ‘प्रकृती ठीक नसल्याने आज हजर राहू शकत नाही, तरी पुढील तारीख मिळावी.’ वर लिहिले ‘मा. अधीक्षक यांस’. मित्राने ते कार्यालयात नेऊन दिले आणि तो स्वतःच्या कामासाठी दुसऱ्या कोर्टात गेला. अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या दाव्याचा पुकारा झाला. साक्षीदार हजर होता, प्रतिवादी नव्हता आणि त्याचा वकीलही नव्हता. ‘नो क्रॉस’ असा आदेश झाला. माझे पत्र फाइलला लागले ते दुपारी.

तो आदेश रद्द करून घेण्यात पुढचे पाच महिने गेले, साक्षीदाराचा खर्च भरावा लागला, आणि अशिलाला समजावून सांगताना मला मान वर करता येईना. चूक कार्यालयाची नव्हती. कार्यालय तारीख देत नाही, तारीख न्यायाधीश देतात. कार्यालयाच्या हातात एकच गोष्ट असते: तुमचा कागद पुकारा होण्याआधी मूळ फाइलसह न्यायाधीशांसमोर ठेवणे. हे कळले की पत्र कसे लिहायचे तेही कळते. म्हणून इथे मी एकच प्रसंग धरून चालतो. दिवाणी दावा, उलटतपासाची तारीख, आणि त्याच पहाटे वकील आजारी. बाकीचे प्रसंग यापेक्षा सोपे असतात.

१. आधी ठरवा: खरोखर मुदत हवी आहे का?

अंथरुणावर पडल्या पडल्या पहिला प्रश्न हा विचारा की आज त्या प्रकरणात काय होणार आहे. रोजनाम्यातली मागची नोंद किंवा ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवरचा टप्पा बघा. प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक जवळ असेल तर ते अर्ध्या मिनिटात दिसते. आज फक्त म्हणणे दाखल करायचे असेल, कागदपत्रांची यादी द्यायची असेल किंवा समन्सचा अहवाल यायचा असेल, तर मुदत मागू नका. सहकाऱ्याला पाठवा आणि काम करून घ्या. अशा तारखेला आजारपणाचा अर्ज देणे म्हणजे हाताशी असलेली एक संधी वाया घालवणे होय.

संधी मोजक्याच असतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ नियम १ नुसार दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सालेम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात ही मर्यादा थोडी सैल केली. पक्षाच्या हाताबाहेरचे कारण असेल, उदाहरणार्थ अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल, तर तीन संधी संपल्यावरही न्यायालयाला विचार करता येतो. पण ती वाट अपवादाची आहे. तुमच्या पक्षाच्या आधी किती मुदती झाल्या हे रोजनाम्यावरून मोजून ठेवा. न्यायाधीश ते मोजतातच.

आज उलटतपास, अंतिम युक्तिवाद किंवा अंतरिम अर्जावर सुनावणी असेल आणि तुम्हाला उभेही राहता येत नसेल, तर पुढे वाचा.

२. कायदा नेमके काय विचारतो

इथेच बहुतेक अर्ज पडतात, म्हणून इथे थोडे थांबू.

वकील आजारी असणे हे एकटे कारण कायद्याला पुरत नाही. आदेश १७ नियम १ च्या पोटनियम २ ला जोडलेली परंतुके वाचा. त्यातल्या परंतुक (सी) प्रमाणे वकील दुसऱ्या कोर्टात गुंतला आहे हे तहकुबीचे कारणच होत नाही. परंतुक (डी) वकिलाच्या आजारपणाबद्दल आहे. त्याचा आशय असा, की वकिलाचे आजारपण पुढे करून मुदत मागितली असेल, तर त्या पक्षाला वेळेत दुसरा वकील नेमणे शक्य नव्हते अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय तहकुबी द्यायची नाही.

म्हणजे न्यायाधीशांपुढे दोन प्रश्न असतात. वकील खरोखर आजारी आहे का? आणि पक्षाला दुसरा वकील का उभा करता आला नाही? पहिल्याचे उत्तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र देते. दुसऱ्याचे उत्तर तुम्हालाच लिहावे लागते, आणि नवखे वकील ते लिहीतच नाहीत. ‘अचानक आजार’ या शब्दांतला ‘अचानक’ हा शब्द म्हणूनच कामाचा आहे. आजार तीन दिवसांपूर्वी सुरू झाला असेल तर तीन दिवसांत दुसरा वकील का नेमला नाही, असा प्रश्न येणारच. पहाटे तीनला सुरू झाला असेल तर उत्तर त्या वेळेतच असते. त्यामुळे आजार कधी सुरू झाला ती वेळ तासापर्यंत लिहा.

वकीलपत्रावर दोन वकिलांची नावे असतील तर आणखी सावध राहा. ‘दुसरे वकील कुठे आहेत?’ हा प्रश्न नक्की येतो. दुसऱ्याने प्रकरण कधी हाताळलेच नसेल किंवा तो परगावी असेल, तर ते अर्जात स्वतःहून सांगा. विरुद्ध वकिलाने ते दाखवून देण्याची वाट पाहू नका.

परंतुक (ई) सुद्धा ध्यानात ठेवा. साक्षीदार हजर आहे, पण पक्ष किंवा त्याचा वकील हजर नाही किंवा हजर असूनही तपास घ्यायला तयार नाही, तर न्यायालय सरतपास किंवा उलटतपास वगळून पुढे जाऊ शकते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले.

३. जवळ काय हवे

फार काही लागत नाही, पण एकही गोष्ट विसरून चालत नाही:

- प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, वर्ष, पक्षकारांची नावे, न्यायालयाचे नाव आणि आजचा टप्पा
- डॉक्टरांचे प्रमाणपत्र. ते लगेच मिळत नसेल तर दवाखान्याचा केस पेपर
- मुदतीचा अर्ज, न्यायालयाच्या नावे, दोन प्रती (मूळ आणि विरुद्ध वकिलासाठी)
- कार्यालयाला द्यायचे छोटे पत्र, दोन प्रती (एकीवर पोच घेण्यासाठी)
- अर्जाला लागणारे कोर्ट फी तिकीट
- पुकाऱ्याला प्रत्यक्ष उभा राहील असा एक सहकारी वकील
- तुमचा अशील किंवा त्याचा माणूस, कोर्टात हजर

शेवटच्या दोन गोष्टी कागद नाहीत, तरीही त्या मी यादीत मुद्दाम घातल्या आहेत. त्या नसतील तर वरचे सगळे कागद टेबलावर पडून राहतात.

४. पहाटेचे पहिले तीन फोन

पहिला फोन सहकाऱ्याला. त्याला स्पष्ट विचारा: ‘पुकारा होईपर्यंत तू त्या कोर्टात थांबशील का?’ नुसते ‘कागद देशील का’ असे विचारू नका. त्याचे स्वतःचे काम दुसरीकडे असेल तर दुसरा सहकारी शोधा. त्याला वेगळे वकीलपत्र किंवा हजेरीपत्र लागेल का, अशी शंका नव्यांना येते. आदेश ३ नियम ४ च्या पोटनियम ५ मध्ये नुसता युक्तिवाद करण्यासाठी उभ्या राहणाऱ्या वकिलाकडून हजेरीपत्राची अपेक्षा आहे, पण रीतसर नेमलेल्या वकिलानेच त्याला युक्तिवादासाठी उभे केले असेल तर ही अट लागू होत नाही. तरी तुम्ही त्याला अधिकृतपणे पाठवले आहे, एवढे एक वाक्य अर्जात असू द्या.

दुसरा फोन अशिलाला. त्याला कोर्टात यायला सांगा. वकील आजारी आहे म्हणून आपणही घरी थांबावे, अशी अशिलाची समजूत होते आणि तिथेच घोटाळा होतो. पक्ष स्वतः समोर उभा असेल तर ‘मी सकाळपासून प्रयत्न केला, दुसरे वकील मिळाले नाहीत’ हे तो स्वतःच्या तोंडाने सांगू शकतो. शिवाय पक्ष आणि वकील दोघेही गैरहजर असतील तर आदेश १७ नियम २ खाली प्रकरण एकतर्फी चालू शकते, आणि तुम्ही वादीतर्फे असाल तर दावा गैरहजेरीत काढूनही टाकला जाऊ शकतो.

तिसरा फोन विरुद्ध वकिलाला, तोही साक्षीदार घरातून निघायच्या आत. साक्षीदार दूरच्या गावाहून येणार असेल तर त्याची चक्कर वाचते. तो आधीच निघाला असेल तर आजचा प्रवासखर्च आणि भत्ता द्यायची तयारी त्याच फोनवर दाखवा. मी हा खर्च स्वतः देतो. आजारी मी पडलो, त्याचा भुर्दंड अशिलाने का सोसावा? विरुद्ध वकील ‘हरकत नाही’ म्हणाले तर उत्तम, पण त्या शब्दावर विसंबून अर्ज टाळू नका. दोन्ही वकिलांचे एकमत झाले म्हणून तारीख मिळाली असे होत नाही.

५. डॉक्टरांचे प्रमाणपत्र

प्रमाणपत्रावर तुमचे पूर्ण नाव, तपासल्याची तारीख आणि वेळ, आजाराचे थोडक्यात स्वरूप, विश्रांती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, सही व शिक्का असावा. ‘काही दिवस विश्रांती’ असे मोघम लिहिले असेल तर तारखा घालून मागा. पुढची तारीख त्यावरच ठरते.

आजाराचे किती वर्णन करायचे? जेवढ्याने ‘आज उभे राहता येत नाही’ हे कळेल तेवढेच. हा कागद न्यायालयाच्या अभिलेखात जातो, विरुद्ध पक्षाला त्याची प्रत मिळते आणि पुढे नकलाही निघू शकतात. तपासण्यांचे सगळे अहवाल जोडायची गरज नसते.

पहाटे प्रमाणपत्र मिळणे नेहमी शक्य नसते. अशा वेळी केस पेपरची प्रत जोडा आणि ‘प्रमाणपत्र पुढील तारखेस किंवा त्यापूर्वी दाखल करतो’ असे लिहा. मग ते न विसरता दाखल करा. फाइल पुन्हा उघडली की दिलेला शब्द पाळला की नाही हे तिथेच दिसते.

६. अर्ज आणि पत्र: दोन वेगळे कागद

पत्र कार्यालयाला, अर्ज न्यायालयाला. पत्राचे काम कागद वेळेत वर पोहोचवण्याचे, अर्जाचे काम न्यायाधीशांची खात्री पटवण्याचे. माझ्या पहिल्या चिठ्ठीत दोन्ही एकत्र कोंबले होते, त्यामुळे ना धड पत्र झाले ना अर्ज.

अलीकडचा एक प्रसंग घेतो. पहाटे अडीचला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पाचला सलाइन लागले. डॉक्टरांनी चार दिवस विश्रांती सांगितली. दाव्यात वादीचा साक्षीदार क्रमांक २ उलटतपासासाठी येणार होता. तो निवृत्त भूमापक होता आणि त्याने मोजणीचा नकाशा शाबीत केला होता. सरतपास शपथपत्रावर झालेला होता, म्हणजे त्या दिवशी उलटतपासाखेरीज काहीच काम नव्हते. कार्यालयाला दिलेले पत्र असे होते:

> प्रति,
> मा. अधीक्षक / बेंच क्लार्क,
> ______ न्यायालय
>
> विषय: विशेष दिवाणी दावा क्र. ___/____, आज नेमलेली उलटतपासाची सुनावणी. मुदतीचा अर्ज पुकारा होण्यापूर्वी मा. न्यायालयासमोर ठेवणेबाबत.
>
> महोदय,
> वरील दाव्यात मी प्रतिवादी क्र. १ तर्फे वकील आहे. आज पहाटे अचानक आजारी पडून मी रुग्णालयात दाखल झालो असल्याने हजर राहू शकत नाही. सोबत मुदतीचा अर्ज व वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे. कृपया ते मूळ फाइलसह, दाव्याचा पुकारा होण्यापूर्वी मा. न्यायालयासमोर ठेवावेत. माझ्यातर्फे अ‍ॅड. ______ पुकाऱ्याच्या वेळी हजर राहतील. प्रतिवादी क्र. १ जातीने हजर आहेत.
> सोबत: १) मुदतीचा अर्ज २) वैद्यकीय प्रमाणपत्र
> दिनांक, वेळ, सही

एवढेच. कारणांची चर्चा इथे नाही, विनवणी नाही. ‘पुकारा होण्यापूर्वी’ हे शब्द विषयातही आहेत आणि मजकुरातही आहेत. कार्यालयात सकाळी कागदांचा ढीग असतो आणि वाचणाऱ्याची नजर विषयाच्या ओळीवरून पुढे सरकते.

आता अर्जाचा मजकूर:

> मा. ______ यांचे न्यायालयात
> विशेष दिवाणी दावा क्र. ___/____
> ______ … वादी
> विरुद्ध
> ______ … प्रतिवादी
>
> प्रतिवादी क्र. १ तर्फे मुदतीचा अर्ज
>
> वरील प्रतिवादी क्र. १ विनंतीपूर्वक अर्ज करतात तो असा की,
> १) सदर दावा आज वादीचे साक्षीदार क्र. २ यांच्या उलटतपासासाठी नेमला आहे.
> २) प्रतिवादीचे वकील यांना आज पहाटे २.३० च्या सुमारास उलट्या व जुलाबाचा तीव्र त्रास सुरू झाला व पहाटे ५ वाजता त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डॉक्टरांनी आजपासून दिनांक ______ पर्यंत विश्रांती सांगितली आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.
> ३) उलटतपास मोजणीचा नकाशा व त्याच्या आधारे दाखल कागदपत्रांवर आहे. प्रतिवादीतर्फे सुरुवातीपासून हे एकच वकील काम पाहत असून फाइल त्यांच्याकडे आहे. आजार पहाटे उद्भवल्याने सुनावणीपूर्वी दुसरे वकील नेमून त्यांना प्रकरण समजावून देणे प्रतिवादीस शक्य झाले नाही.
> ४) या टप्प्यावर प्रतिवादीने यापूर्वी मुदत घेतलेली नाही.
> ५) आज उपस्थित साक्षीदारांचा प्रवासखर्च व भत्ता देण्यास प्रतिवादी तयार आहेत.
> ६) हा अर्ज सादर करण्यासाठी व निवेदन करण्यासाठी प्रतिवादीच्या वकिलांनी अ‍ॅड. ______ यांना अधिकृत केले आहे.
> तरी उलटतपासासाठी दिनांक ______ नंतरची नजीकची तारीख द्यावी व उलटतपासाचा हक्क राखून ठेवावा, ही विनंती.
> येणेप्रमाणे अर्ज.
> दिनांक
> प्रतिवादी क्र. १ ची सही / वकिलाची सही

तिसऱ्या परिच्छेदाकडे पुन्हा बघा. परंतुक (डी) चे उत्तर तिथे आहे. त्यात ‘शक्य झाले नाही’ एवढेच लिहिलेले नाही, का शक्य झाले नाही तेही लिहिले आहे: नकाशाचा तपास, एकच वकील, फाइल त्याच्याकडे, पहाटेचा आजार. तुमच्या प्रकरणात ही कारणे वेगळी असतील. तीच लिहा, माझी उचलू नका.

चौथा परिच्छेद खरा असेल तरच लिहा. आधी मुदत घेतली असेल तर ती कोणत्या तारखेला व कशासाठी घेतली हे सरळ सांगा. लपवलेली मुदत विरुद्ध वकील रोजनाम्यातून वाचून दाखवतात आणि मग आजारपणाचाही संशय येतो.

सहीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. तुम्हाला सही करता येत नसेल तर अशिलाने स्वतःच्या नावाने सही करावी. अर्ज त्याचाच असतो. सहकाऱ्याने किंवा कारकुनाने तुमची सही ‘मारून’ देऊ नये. फाइलमध्ये तुमच्या खऱ्या सह्या पुष्कळ असतात आणि फरक कुणाच्याही नजरेस पडतो.

७. कागद कोर्टात गेल्यावर

सहकाऱ्याने कोर्ट बसायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचावे. अर्जाची प्रत विरुद्ध वकिलाला देऊन मूळ अर्जावर ‘प्रत मिळाली’ अशी सही घ्यावी, आणि त्यांना हरकत नसेल तर तेही त्याच जागी लिहून घ्यावे. मग पत्र आणि अर्ज बेंच क्लार्ककडे देऊन पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर वेळेसह पोच घ्यावी. बोर्डावर आपला क्रमांक कितवा आहे ते बघावे आणि तिथेच बसावे.

ई-फायलिंगने अर्ज दाखल केला असला किंवा कार्यालयाला ई-मेल केली असली, तरी माणूस पाठवाच. सकाळी पाठवलेला ई-मेल पुकाऱ्याआधी छापून फाइलला लागेल, असे धरून चालता येत नाही. तब्येत बोलण्याइतकी बरी असेल आणि त्या न्यायालयात दूरदृश्य प्रणालीची सोय असेल तर चार वाक्ये स्वतः बोलण्याची परवानगी मागता येते. पण तसे केलेत तर ‘मग उलटतपासही असाच घ्या’ हा प्रश्न येईल. उत्तर तयार ठेवा.

पुकारा झाल्यावर सहकाऱ्याने दोन-तीन वाक्यांत सांगावे: वकील पहाटेपासून रुग्णालयात आहेत, प्रमाणपत्र जोडले आहे, पक्षकार हजर आहे, साक्षीदाराचा खर्च द्यायला तयार आहोत. प्रकरणाच्या गुणदोषांवर अवाक्षर काढू नये. तेवढे माहीत असेल तर उलटतपासच का घेत नाही, असा प्रश्न आला की त्याची अडचण होते.

८. जिथे हमखास पाय घसरतो

अंतरिम आदेश. तुमच्या बाजूने मनाई हुकूम किंवा स्थगिती असेल आणि ती ‘पुढील तारखेपर्यंत’ असेल, तर अर्जाच्या विनंतीत ‘अंतरिम आदेश पुढील तारखेपर्यंत चालू ठेवावा’ हे वाक्य घालायलाच हवे. नुसती तारीख पडली आणि आदेश वाढला नाही, तर दुसऱ्या दिवशी अशिलाच्या डोक्यावरचे छप्पर निघून जाते. आजारपणाच्या गडबडीत हे वाक्य सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

त्याच दिवशीचे दुसरे कोर्ट. त्या दिवशीच्या सगळ्या प्रकरणांची यादी काढा आणि प्रत्येक न्यायालयात वेगळा अर्ज जाऊ द्या. एका कोर्टात आजारी आणि दुसऱ्यात हजर, हे रोजनाम्यांवरून सहज उघड होते. प्रमाणपत्रात चार दिवस विश्रांती असताना दुसऱ्याच दिवशी तुम्ही कुठे उभे राहिलात, तर तीच गत होते. लवकर बरे वाटले तर चांगलेच आहे, पण मग आधी त्या न्यायालयाला कळवा. खोट्या आजारपणाचा अर्ज ही व्यावसायिक गैरवर्तणूक ठरू शकते आणि अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिलपर्यंत जाऊ शकते.

फौजदारी प्रकरण. अशील आरोपी असेल तर वकिलाच्या आजारपणाने त्याची हजेरी माफ होत नाही. तो हजर राहिला नाही तर वॉरंट निघू शकते. त्याला येणे शक्यच नसेल तर त्याच्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५५ खाली वेगळा अर्ज लागतो. कलम ३४६ मध्ये तर पक्षाच्या हाताबाहेरच्या कारणासाठीही दोनपेक्षा जास्त तहकुब्या नाहीत, आणि त्याही विरुद्ध बाजूची हरकत ऐकून व कारणे नोंदवून.

९. आदेश झाल्यावर

सहकाऱ्याकडून तोंडी तारीख घेऊन थांबू नका. संध्याकाळी अर्जावरचा आदेश आणि रोजनामा वाचून घ्या. अर्ज मंजूर झाला असेल तर तीन गोष्टी बघा: तारीख, ती ‘अखेरची संधी’ म्हणून दिली आहे का, आणि खर्चाची अट.

खर्चाची अट हलक्याने घेऊ नका. संहितेच्या कलम ३५ बी खाली खर्च लावला असेल, तर तो पुढच्याच तारखेला दिल्याखेरीज वादीला दावा आणि प्रतिवादीला बचाव पुढे चालवता येत नाही. रक्कम किरकोळ असते, म्हणूनच ती विसरली जाते. शक्य असेल तर त्याच आठवड्यात विरुद्ध वकिलाकडे द्या, पावती घ्या आणि पुढील तारखेला पावती पर्सिसीसह दाखल करा.

अर्ज नामंजूर होऊन ‘नो क्रॉस’ झाला असेल, तर अंथरुणातून उठल्यावर पहिले काम म्हणजे तो आदेश रद्द करून साक्षीदाराला उलटतपासासाठी पुन्हा बोलावण्याचा अर्ज. तो पुढच्या तारखेची वाट न पाहता द्या. पूर्ण प्रमाणपत्र, पत्राची वेळेसह मिळालेली पोच आणि शक्य असेल तर स्वतःचे शपथपत्र जोडा. वादीतर्फे असताना दावाच गैरहजेरीत निकाली निघाला, किंवा प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो परत आणण्याच्या किंवा रद्द करण्याच्या अर्जाला मुदत कायद्याप्रमाणे ३० दिवस असतात. विश्रांतीचे दिवस त्यातून आपोआप वजा होत नाहीत.

भूमापकाच्या त्या प्रकरणात अर्ज खर्चासह मंजूर झाला. अकराव्या दिवशीची तारीख मिळाली. साक्षीदाराचा भत्ता मी त्याच संध्याकाळी सहकाऱ्याकरवी पोचवला होता, आणि नव्या तारखेला उलटतपास जेवणाच्या सुट्टीआधीच पूर्ण झाला.